गोळ्या घ्यायला थांबलेला पेशंट

राजारामपुरीतल्या ज्या क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथं मराठी बोलायला बंदी होती. बंदी म्हणजे नुसता भिंतीवरचा बोर्ड नव्हे. पुढच्या टेबलावर लॉजच्या काउंटरवर असते तसली पितळी घंटी ठेवलेली असायची. वर्गात कुणाच्या तोंडून मराठी शब्द निसटला, की त्यानं जागेवरून उठायचं, पुढं यायचं, स्वतःच्या हातानं घंटी वाजवायची आणि तेच वाक्य इंग्रजीत म्हणून परत जागेवर बसायचं. तोवर बाकीच्यांनी बघत राहायचं. सरांची ही कल्पना. सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांना या घंटीचा भारी अभिमान होता.

आणि उठून यायचं कुणी? तर दिवसभर वॉर्डात उभं राहून पायाला गोळे आलेल्या बायकांनी. माझी बॅच नर्सेसची होती. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी असेल तर नर्सला इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, बोलणं आणि लिहिणं असे तिचे चार भाग. बोलायचा भाग माझ्याकडं होता, लिहायचा सर स्वतः घ्यायचे. माझी कॉलेजातली तासिकेवरची नोकरी गेली आणि मी इथं आले. एम.ए. इंग्रजी, डोकं तापट आणि जीभ तिखट, असं माझं भांडवल. सरांना त्यातलं पहिलंच तेवढं चालायचं.

त्या बॅचमध्ये एक बाई होती. शाहूपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. वय तिशीच्या पुढं, गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आवाज असा की जिन्यावरून बोलत आली तरी वर्गात कळायचं, आली म्हणून. घंटी सगळ्यात जास्त तिनंच वाजवली असणार. सुरुवातीला ती हसत हसत उठायची. नंतर नंतर तिनं उठायचंच बंद केलं, कारण तिनं बोलायचंच बंद केलं. वॉर्डात जिच्या एका आवाजावर पेशंटचे नातेवाईक भिंतीला टेकून उभे राहायचे, ती बाई माझ्या तासाला तोंड मिटून बसायला लागली. मला ते बघवत नव्हतं.

तिला आयर्लंडमधल्या एका दवाखान्यानं घ्यायचं कबूल केलं होतं. मुलाखत झाली होती, पसंत पडली होती. अडलं होतं ते एवढ्या परीक्षेवर. पहिल्या खेपेला ऐकणं, वाचणं, बोलणं तिन्ही निघालं आणि लिहिण्यात ती आपटली. दवाखान्यानं कळवलं, अजून एकदा थांबतो, त्यानंतर जागा दुसरीला देऊ. म्हणजे एकच संधी उरली होती. तिची मुलगी गावाकडं तिच्या आईजवळ वाढत होती, नवरा केव्हाच बाजूला झाला होता, आणि इथं दवाखान्यात इतकी वर्षं काढूनही तिला कंत्राटावरच ठेवलं होतं. कालचा पोरगा डॉक्टर होऊन येतो आणि तिला "ए सिस्टर" म्हणून हाक मारतो, हे तिच्या जास्त जिव्हारी लागायचं. "मला पगारापरीस ते 'ए' सोडून जायचं हाय बगा," असं ती एकदा जिन्यात मला म्हणाली होती. जिन्यात घंटी नव्हती.

निकाल घेऊन ती सरांकडं गेली तेव्हा सर म्हणाले, "तुमचं बेसिकच कच्चं आहे. गावाकडचं इंग्लिश. शीट पाठ करा, परत बसा."

हे शीट म्हणजे सरांचं लाडकं बाळ. परीक्षेत एका पेशंटची टिपणं देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला सांगतात. सरांनी अशा पत्रांसाठी तयार वाक्यं बनवून छापून घेतली होती. नाव बदला, आजार बदला, बाकी वाक्य तेच. वर ठळक अक्षरांत नियम: दोन क्रियापदं एकापाठोपाठ आली की मधे 'टू' घाला. वाँट टू, नीड टू, प्लॅन टू, ट्राय टू, स्टॉप टू, रिमेंबर टू. सगळे एका रांगेत, एकाच मापाचे. मी ते शीट तोवर नीट वाचलेलं नव्हतं. सर ते फक्त स्वतःच्या तासाला वाटायचे आणि दुसऱ्या मास्तरांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, कुणी झेरॉक्स काढून स्वतःचा क्लास टाकील म्हणून.

तर ही बाई एका संध्याकाळी ड्यूटी संपवून आली आणि सरावाचं पत्र माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मॅडम, तुमी एकदा बगा की. सर नुसतं टिक करत्यात."

मी वाचायला घेतलं. पेशंट म्हातारा, मधुमेह, ब्लडप्रेशर, चक्कर येऊन पडलेला. अक्षर देखणं, स्पेलिंग जागच्या जागी. आणि तिसऱ्या ओळीत लिहिलेलं: द पेशंट स्टॉप्ड टू टेक हिज टॅब्लेट्स बिकॉज ऑफ डिझिनेस.

मी तिच्याकडं बघितलं. "या म्हाताऱ्यानं नेमकं काय केलं? मराठीत सांग."

तिनं आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "चक्कर याय लागली म्हनून गोळ्या घ्यायच्या बंद केल्या."

"आणि तू लिहिलंयस की तो गोळ्या घ्यायला थांबला. चालता चालता थांबला, खिशातनं पुडी काढली, पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या."

"अगं बाई! म्हंजी उलटंच की!"

"उलटंच. गोळ्या बंद केलेल्या माणसाला तू गोळ्या खायला घातल्यास."

ती खाली बसली. "पर शीटात तसंच हाय की, मॅडम."

मी म्हटलं दाखव. तिनं पिशवीतून शीट काढलं, घडीच्या खुणांवरून फाटायला आलेलं. तिसऱ्या ओळीत खरंच तसंच होतं. आणि तेवढंच नव्हतं. खाली आणखी एक वाक्य: ही रिमेंबर्स टू टेक हिज मॉर्निंग डोस. मी तिला विचारलं, हे कधी वापरायचं म्हणून सांगितलंय? ती म्हणाली, पेशंटनं आज सकाळची गोळी घेतली असं तो सांगतो, ते लिहायला. घ्या! सकाळी गोळी घेतल्याचं त्याला आठवतंय, हे सांगायचं असेल तर रिमेंबर्स टेकिंग. रिमेंबर्स टू टेक म्हणजे रोज न विसरता आठवणीनं घेतो. 'टेकिंग' वाचणारा डॉक्टर म्हणेल, आजचा डोस पोटात गेलेला आहे, परत द्यायचा नाही. 'टू टेक' वाचणारा म्हणेल, बरं, गुणी म्हातारा आहे. आज घेतली का नाही, ते त्याला कळणारच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नव्हे. तिनं सांगितलं तसं केलं होतं. सांगितलेलं इमानानं पाठ करून ती नापास झाली होती आणि वर ऐकून घेतलं होतं की तिचं बेसिक कच्चं आहे.

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. शीट पुढं ठेवलं, वाक्यावर बोट ठेवलं. सरांनी चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे फोन काढला. व्याकरण तपासणाऱ्या ॲपमध्ये वाक्य टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"बघा मॅडम. एक तरी लाल रेघ आली का?"

"नाही आली."

"मग? चेक करूनच छापतो मी. प्रत्येक वाक्य."

आता काय बोलणार कपाळ! लाल रेघ येईल कशी? वाक्य व्याकरणानं बरोबरच होतं. गोळ्या घ्यायला थांबणारी माणसं जगात असतातच की. फोनला कसं कळणार, सरांना कोणता म्हातारा म्हणायचाय ते? चूक वाक्यात नव्हती, वाक्य आणि म्हातारा यांच्या मधे होती. हे मी सरांना समजावून सांगितलं. वाँटसारखी काही क्रियापदं 'टू'च घेतात, एन्जॉय आणि फिनिश सारखी काही 'इंग'च घेतात, तिथं चुकलं तर चुकीचं दिसतं तरी. पण स्टॉप, रिमेंबर, ट्राय अशी मोजकी क्रियापदं दोन्ही घेतात आणि दोन्हीकडं वेगळं सांगतात. तिथं चुकलं तर दिसतसुद्धा नाही, म्हणून तिथं जास्त जपायचं.

सर म्हणाले, "जेरंड, इन्फिनिटिव्ह हे व्याकरण कॉलेजात ठीक आहे. इथं बायकांना एवढं झेपत नाही. एक नियम दिला की लक्षात राहतो. आणि एक्झामिनर काय मूर्ख नाहीत, संदर्भावरून समजून घेतात."

"समजून घेतलं असतं तर ती पास झाली असती."

"ती एका वाक्यावरून नापास झाली नाही."

"एका नाही. तुमच्या सगळ्या वाक्यांवरून."

एवढं बोलले आणि बाहेर आले. मागून काय म्हणाले ते ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा बोलायचा तास होता. मी वर्गात शिरले, घंटी उचलली आणि कपाटात टाकली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, आज मराठी. घरात बोलता तसलं. जिला लाज वाटत असेल तिनं बाहेर बसावं. कुणी उठलं नाही.

"गगनबावड्याला कोण कोण गेलंय?"

सगळ्याच गेलेल्या.

"घाटाच्या आधी काय केलंत?"

एक म्हणाली, चहा प्यायला थांबलो. मी फळ्यावर लिहिलं, वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी. मग दुसरीला विचारलं, तुझ्या ॲसिडिटीचं काय झालं? ती म्हणाली, चहा प्यायचं बंद केलं, तेव्हापासून बरंय. मी त्याखाली लिहिलं, आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी. "आता बघा. एकीनं चहा घेतला, एकीनं सोडला. तुमच्या मराठीत कुणाची चूक झाली का? प्यायला आणि प्यायचं, हा फरक तुम्हाला शिकवायला कुणी मास्तर आला होता का? 'प्यायला' म्हणजे कशासाठी थांबलो ते. 'प्यायचं' म्हणजे जे बंद केलं ते. तेच तिकडं टू आणि इंग. डोक्यात सगळं आहे तुमच्या. फक्त त्याला यायला दार उघडं नव्हतं."

मग वर्ग जो पेटला! रिमेंबरला आम्ही दोन माणसं उभी केली. एक आठवणीनं दार लावणारी: रिमेंबर्ड टू लॉक. दुसरी बसमध्ये बसल्यावर, दार लावल्याचं आठवतंय का, म्हणून कपाळाला हात लावणारी: डू आय रिमेंबर लॉकिंग? मी सांगितलं, इथं टू असेल तर आठवण आधी आणि काम नंतर. इंग असेल तर काम आधी होऊन गेलेलं, आठवण नंतर. एकजण म्हणाली, ट्रायला पण असंच का? मी म्हटलं, नाही, तिथं हे आधी-नंतरचं गणित जुळत नाही. तिथं वेगळं बघायचं. ट्राइड टू स्लीप म्हणजे झोपायचा प्रयत्न केला, झोप लागणं हेच अवघड होतं. ट्राइड स्लीपिंग ऑन टू पिलोज म्हणजे दम लागणाऱ्यानं दोन उशा घेऊन झोपून बघितलं, गुण येतो का ते. झोपला तर खरंच, पण दम लागायचा राहिला का नाही, हा पुढचा प्रश्न.

तेव्हा माझी ती गडहिंग्लजकडची बाई जागेवरूनच ओरडली, "व्हय की! हार्टच्या पेशंटला डॉक्टर हेच तर इच्यारत्यात! उशा वाढवून बगितल्या काय म्हनून! आनि आमी लिवतोय, झोपायचा प्रयत्न केला. त्यो डॉक्टर झोपंची गोळी दील की त्याला!"

सगळा वर्ग हसला. ती पण हसली, किती तरी दिवसांनी. मग तिनं एका दमात चार वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली, कुठंही न अडखळता. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

आणि दारात सर उभे.

"मॅडम, बाहेर या."

"तास संपला की येते, सर."

ते तिथंच थांबले. मी शिकवत राहिले. मराठीत. मुद्दाम जरा मोठ्यानं.

तास संपल्यावर केबिनमध्ये सर म्हणाले, आमच्या क्लासचं नावच इंग्रजी वातावरणावर आहे. खाली दारात उभ्या माणसाला वरून मराठी ऐकू आलं तर ॲडमिशन कोण घेणार? मी म्हटलं, वरून खरं ऐकू आलं तर घेतील. ते म्हणाले, तुम्ही माझ्या विद्यार्थिनींसमोर माझं शीट खोटं पाडलंत. मी म्हटलं, मी शीटचं नावही काढलं नाही, चहाचं काढलं. ते म्हणाले, उद्यापासून ही बॅच मी बघतो, तुम्ही शाळेच्या मुलांना घ्या. मग थोडं मवाळ होऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही हुशार आहात. पण जरा जुळवून घ्यायला शिका."

जुळवून घ्यायला! आयुष्यभर हेच ऐकत आले. कॉलेजात प्राचार्य, घरात थोरली नणंद, आता हे. मी सरांना सांगितलं की शाळेची मुलं घेणार नाही, ही बॅच सोडणार नाही, आणि त्यांना चालत नसेल तर उद्यापासून येणारही नाही. त्यांना चालत नव्हतं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.  रिक्षात बसले तेव्हा मनात एकच होतं, की त्या बाईची परीक्षा तोंडावर आली आहे आणि ती आता परत त्या शीटच्या तावडीत सापडणार.

ती सापडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून थेट माझ्या दारात. पायात दवाखान्यातले पांढरे बूट तसेच.

"अक्का," ती म्हणाली. मॅडम नाही, अक्का. तिच्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "मी क्लासला जानार न्हाय. मला हितंच शिकवा."

"सर म्हणतील मी बॅच फोडली."

"म्हनू द्यात. मी काय त्यांच्या दावणीला बांदलीया व्हय?"

मग आमचा क्लास माझ्या स्वयंपाकघरात सुरू झाला. मी भाकरी थापायची, ती ओट्याला टेकून वाक्यं बोलायची. पत्र लिहायच्या आधी मी तिला एकच काम लावलं. टिपणं वाचायची आणि तो पेशंट काय म्हणतोय ते गावाकडच्या बायकांना सांगावं तसं मराठीत सांगायचं. गोळ्या बंद केल्या का घ्यायला थांबला? घेतल्याचं आठवतंय का आठवणीनं घेतो? करून बघितलं का करायचा प्रयत्न केला? एकदा हे पक्कं झालं की मगच पेन उचलायचं. पहिल्या काही पत्रांत 'टू' परत परत घुसायचा. इतक्या दिवसांचं पाठांतर, ते काय लगेच जातंय! "मेलं हे टू!" असं म्हणून ती स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची. मी रागवायचे, ती माझ्यावर उलटी रागवायची. एकदा तर पत्र चुरगाळून म्हणाली, मला न्हाय जमायचं, मी आपली 'ए सिस्टर'च बरी. त्या दिवशी मी तिला जेवायला बसवलं आणि सांगितलं, तुला नाही जमलं तर चालेल, पण तू दुसऱ्याच्या चुकीनं हरलीस तर मला चालणार नाही. ती मुकाट्यानं जेवली आणि तेच पत्र परत लिहिलं. या वेळी एकही शब्द खोडावा लागला नाही.

सरांचा फोन आला. म्हणाले, तुम्ही माझ्या विद्यार्थिनी पळवताय, मी गप्प बसणार नाही. मी म्हटलं, बसू नका, पण बोलायच्या आधी शीट बदला. त्यांनी फोन ठेवला.

परीक्षा झाली.  निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागं दवाखान्यातला गलका, लिफ्टचं दार, कुणीतरी तिला हाक मारतंय. ती नुसती म्हणाली, "अक्का, निगालं." आणि रडायला लागली. मी पण रडले, चक्क ओक्साबोक्शी, हातातलं लाटणं तसंच धरून. शेजारची बाई दारात येऊन विचारून गेली, काय झालं हो? मी म्हटलं, चांगलं झालंय, तुम्ही जावा.

दोन दिवसांनी ती स्कूटरवरून आली आणि दारातूनच म्हणाली, "चला. बसा मागं." कुठं ते सांगेना. राजारामपुरीत क्लासच्या खाली आणून उभं केलं आणि मान वर करून दाखवलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला नवाकोरा फ्लेक्स. एका बाजूला सर हात जोडून उभे, दुसऱ्या बाजूला तिचा फोटो, तिच्या प्रोफाइलवरून न विचारता उचललेला. मधे मोठ्या अक्षरांत तिचं अभिनंदन आणि त्याखाली क्लासचं.

ती जिना चढली. मी मागोमाग. आत नवी बॅच बसली होती, सगळ्या नर्सेस, पुढं सर. सरांनी तिला बघितलं आणि तोंडभर हसले. "आल्या आपल्या आयर्लंडच्या पाहुण्या! या या, दोन शब्द बोला यांच्याशी."

"फ्लेक्स उतरवा," ती म्हणाली.

सर हसत राहिले. "अहो, मानाची गोष्ट आहे. तुम्ही आमच्याच क्लासच्या ना?"

"व्हय, तुमच्याच. मी पैल्यांदा नापास झाले तवा तुमच्याच क्लासची हुते." आवाज असा की खाली मेडिकलवाल्यानं मान वर केली असणार. "तवा कुटं लावलावता हो माजा फोटू?"

  ती गॅलरीत गेली, पर्समधून बँडेज कापायची कात्री काढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या एकेक करून कापल्या. फ्लेक्स धडाडकन खाली कोसळला. मग ती आत आली. पहिल्या बाकावरच्या मुलीपुढं शीट होतं. तिनं ते उचललं, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्या मुलीला विचारलं, "हे वाक्य वाच. ह्या म्हाताऱ्यानं गोळ्या घेतल्या का सोडल्या?"

मुलीनं वाचलं. परत वाचलं. तिनं सरांकडं बघितलं. 

"त्यांच्याकडं बगू नको. तू नर्स हाईस. पेशंट तुझा हाय."

"चक्कर येते म्हणून सोडल्या, असं लिहायचंय," मुलगी चाचरत म्हणाली. "पण हे तर... घेतल्या असं झालं."

"मग?"

 मुलीनं पेन उचललं आणि ती ओळ खोडली. मागच्या बाकावर कुणीतरी विचारलं, कुठली गं, तिसरी का? आणि मग एकापाठोपाठ एक सगळ्या बाकांवर पेनं चालायला लागली.